हॅश काढणे सोपे, सही मिळवणे अवघड

इंदूरच्या जिल्हा कोर्टात किंवा ग्राहक आयोगात येणारा पक्षकार हल्ली फाइल उघडण्याआधी मोबाइल पुढे करतो. करारपत्र नसते आणि पावती नसते. जे काही ठरले ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेले असते. मग सराफ्याजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट काढून आणल्या जातात आणि ठामपणे सांगितले जाते, "वकीलसाहेब, सगळं लिहून दिलंय त्यांनी, आता आणखी काय पाहिजे?"

आणखी पुष्कळ काही पाहिजे. नव्या पुरावा कायद्याने ते मागितलेही आहे, आणि मागितले ते बरेचसे योग्य आहे. माझी तक्रार मागणीच्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. फोनमधून चॅटची फाइल काढून तिचा हॅश, म्हणजे ती नंतर बदलली नाही हे दाखवणारा आकडा, नोंदवण्याचे जे काम कोणताही शहाणा कारकून दोन मिनिटांत करू शकतो, त्यावर कायद्याने तज्ज्ञाची सही लावून ठेवली आणि तो तज्ज्ञ सामान्य माणसाला कुठे मिळायचा हे सांगितले नाही. परिणाम असा की फाइल नीट जपण्याचा खटाटोप कोणी करत नाही आणि कमकुवत स्क्रीनशॉटच सगळीकडे फिरत राहतो.

समजण्यासाठी एक वाद रचून घेऊ. माणसे काल्पनिक आहेत, तऱ्हा मात्र ओळखीची वाटेल. लोकमान्यनगरातल्या एक काकू. नातवाची मुंज वैशाखात ठरलेली. केटररशी सगळे बोलणे चॅटवर झाले, ४० हजार रुपये अ‍ॅडव्हान्स यूपीआयने गेले. पुढे घरात अडचण आली, मुंज रद्द झाली, काकूंनी महिनाभर आधी कळवले. केटरर म्हणाला, अ‍ॅडव्हान्स परत द्यायचे कधी बोलणेच झाले नव्हते. काकूंनी आपल्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यानेही आपल्या फोनवरचा पाठवला. तोच दिवस, तीच वेळ, पण काकूंकडे तीन मेसेज आणि त्याच्याकडे दोनच.

काकूंच्या फोनवरून चॅट एक्स्पोर्ट केली तर टेक्स्ट फाइलमध्ये असे दिसते:

```
04/03/25, 7:42 pm - मुंज केटरर: काकू, तारीख पुढे गेली तर अ‍ॅडव्हान्स नव्या तारखेला धरू
04/03/25, 7:44 pm - मुंज केटरर: रद्दच झालं तर १५ दिवस आधी सांगा, पूर्ण परत
04/03/25, 7:51 pm - श्री स्वामी समर्थ: ठीक आहे, ४० हजार पाठवते
```

आधी यातली नावे पाहा. "मुंज केटरर" हे नाव काकूंनी स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेले आहे आणि "श्री स्वामी समर्थ" हे काकूंचे प्रोफाइलचे नाव. या तीन ओळींत कोणाचा फोन नंबर नाही. स्क्रीनशॉटची पहिली दुर्बलता हीच आहे. वर दिसणारे नाव समोरच्या माणसाचे नसते, ते आपल्या अ‍ॅड्रेसबुकातले असते. घरातल्या दुसऱ्या फोनचा नंबर "मुंज केटरर" म्हणून सेव्ह केला आणि त्या फोनवरून स्वतःलाच हवे ते मेसेज पाठवले, तर स्क्रीनशॉट तंतोतंत खरा दिसेल. त्यासाठी कोणतेही बनावट अ‍ॅप लागत नाही. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ब्राउझरच्या इन्स्पेक्ट सोयीने पडद्यावरचे शब्द बदलायचे आणि फोटो काढायचा, हे तर शाळकरी मुलांनाही येते.

मग स्क्रीनशॉटच्या फाइलला चिकटलेली माहिती? ती एवढेच सांगते की अमुक वेळी पडद्याचा फोटो काढला. मेसेज केव्हा आला याबद्दल ती काही बोलत नाही. आणि तो स्क्रीनशॉट वकिलाला व्हॉट्सअ‍ॅपवरच फोटो म्हणून पाठवला, की व्हॉट्सअ‍ॅप तो नव्याने दाबून लहान करते आणि आतली मूळ माहिती काढून टाकते. वकिलाच्या हाती `IMG-20250520-WA0007.jpg` अशा नावाची नवीच फाइल पडते. नावातली तारीख त्या देवाणघेवाणीची असते. हेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर जसेच्या तसे गेले असते. मंगल कार्यालयाचे फोटो, दरपत्रकाचे फोटो, खराब मालाचे फोटो, सगळ्यांची गत अशीच होते. पाठवणाऱ्याच्या गॅलरीतला मूळ फोटो जपला नाही, तर तो कधी आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे चॅटमधल्या प्रतीवरून कळत नाही.

आता केटररच्या दोन मेसेजांकडे येऊ. त्याने ७:४४ चा मेसेज आपल्या फोनवर फक्त स्वतःपुरता डिलीट केला. सगळ्यांसाठी डिलीट केला असता, तर "हा मेसेज डिलीट केला" अशा अर्थाची ओळ दोन्हीकडे उरली असती. शिवाय त्याला सुमारे अडीच दिवसांची मुदत असते. स्वतःपुरते डिलीट करायला ना मुदत आहे, ना मागे खूण राहते. पडद्यावर फट दिसत नाही आणि त्याच्या एक्स्पोर्टमध्येही ती ओळ सरळ गायब असते. म्हणजे त्याने एक्स्पोर्ट केलेली फाइल अगदी प्रामाणिकपणे, एक अक्षर न बदलता दिली, तरी ती अपुरीच असेल. म्हणून एका बाजूच्या एक्स्पोर्टमध्ये एखादी गोष्ट नाही, एवढ्यावरून ती बोललीच गेली नाही असे कधी धरू नये. माझ्या अनुभवात वकीलमंडळी सर्वांत जास्त फसतात ती इथेच.

एक्स्पोर्टमध्ये आणखीही बरेच काही येत नाही. मेसेज पोचला कधी आणि वाचला कधी, म्हणजे त्या निळ्या खुणा, फाइलमध्ये नसतात. कोणत्या मेसेजला उत्तर म्हणून कोणता मेसेज लिहिला हा संबंध तुटतो, त्यामुळे नुसते "हो, चालेल" हे कशाला म्हटले होते ते कळत नाही. अंगठा दाखवून दिलेली संमतीही येत नाही. मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलला असेल तर `<This message was edited>` एवढी टीप ओळीच्या शेवटी येते, आधी काय लिहिले होते ते मात्र येत नाही. फार जुनी आणि लांबलचक चॅट असेल तर फोटोंसकट एक्स्पोर्ट करताना व्हॉट्सअ‍ॅप शेवटचे १० हजारच मेसेज देते, फोटोंशिवाय ४० हजार. भागीदारीच्या वादात वर्षानुवर्षांची चॅट असते. तिथे फाइलची सुरुवात ही बोलण्याची सुरुवात आहे असे समजून चालत नाही.

तारखेचाही एक घोटाळा असतो. एक्स्पोर्ट फोनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे तारीख लिहितो. काकूंच्या फोनवर `04/03/25` म्हणजे ४ मार्च. केटररच्या फोनची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल तर तोच दिवस `3/4/25` असा येईल आणि कोणीतरी भर आयोगात ती ३ एप्रिल म्हणून वाचेल. दोन्ही फाइली खऱ्याच, पण एकमेकींशी भांडणाऱ्या. वेळही फोनच्या घड्याळाची असते आणि ती कोणत्या देशाची हे फाइलमध्ये लिहिलेले नसते. मुंजीच्या ग्रुपमध्ये न्यू जर्सीचा मामा असेल, तर त्याचा एक्स्पोर्ट आणि आपला एक्स्पोर्ट ताडून पाहण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

इतके दोष असूनही एक्स्पोर्ट स्क्रीनशॉटपेक्षा चांगला का? कारण तो सबंध येतो. मागचे, पुढचे, न सोयीचे, घरगुती, सगळे एकत्र. त्यात घुसवलेली ओळ इतर शेकडो ओळींच्या पार्श्वभूमीवर उघडी पडण्याचा संभव असतो. एक बारीक गंमत सांगतो. अलीकडच्या पुष्कळ अँड्रॉइड फोनांच्या एक्स्पोर्टमध्ये वेळ आणि `pm` यांच्या मधली मोकळी जागा साधी नसते, ती अरुंद जागेची वेगळी खूण असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिले तर तिथे साध्या जागेचे `20` नसून `E2 80 AF` असे बाइट दिसतात. नोटपॅडमध्ये बसून कोणी हाताने एखादी ओळ टाइप केली, तर सगळीकडे `E2 80 AF` आणि त्या एका ओळीत `20` सापडते. याने बनावट पकडली जाते ती अडाण्याची. शहाणा माणूस आधीची ओळ कॉपी करून तिच्यातले शब्दच बदलेल. म्हणजे अशी विसंगती संशय निर्माण करते, पण ती नसली म्हणून फाइल खरी ठरत नाही.

आणि इथेच हॅश येतो. त्याच्याबद्दल लोकांचा भलताच समज असतो.

फाइलच्या सगळ्या बाइटांवर गणित करून ठरावीक लांबीचा आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. SHA-256 या पद्धतीत तो ६४ अक्षरी येतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. विंडोजवर त्याला कसलेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही:

```
certutil -hashfile "munj-chat.zip" SHA256
```

हॅश म्हणजे पेटीवरचे लाखेचे सील. सील लावल्यावर पेटी उघडली नाही एवढे ते सांगते, आत सोने ठेवले होते की गारगोट्या हे सांगत नाही. काकूंनी एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून एक ओळ वाढवली आणि मग हॅश काढला, तर तो हॅश त्या खोट्या फाइलचा पक्का रखवालदार होईल. म्हणून हॅशची किंमत तो कधी काढला आणि तिसऱ्या कोणाकडे तो त्या दिवशी पोचला होता का, यावर ठरते. वाद सुरू झाल्याच्या संध्याकाळीच फाइल आणि हॅश वकिलाच्या ईमेलवर गेला असेल, पुढच्या आठवड्यात नोटिशीत तोच हॅश छापलेला असेल, तर नंतर फेरफार झाला हा आरोप टिकत नाही. सहा महिन्यांनी, दावा दाखल करण्याच्या आदल्या रात्री काढलेला हॅश फक्त त्या रात्रीपासून पुढचे बोलतो.

हॅश फाइलचे नाव आणि तारीख पाहत नाही, फक्त आतला मजकूर पाहतो. नाव बदलले तर हॅश बदलत नाही. उलट नुसती वाचायला म्हणून टेक्स्ट फाइल उघडली आणि सवयीने सेव्ह केली, तर एडिटर आतल्या आत काही बाइट बदलू शकतो आणि हॅश जुळत नाही. मजकूर अक्षरशः तोच असतो, तरी समोरचा वकील "पुराव्यात ढवळाढवळ" म्हणून ओरडायला मोकळा. मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर बाजूला ठेवायची आणि वाचायला तिची प्रत वापरायची, हा त्यावरचा साधा उपाय. तसेच तीच चॅट पुन्हा एक्स्पोर्ट केली तर आधीचाच हॅश येईल अशी आशा धरू नये. मध्ये एक मेसेज आला किंवा संपर्काचे नाव बदलले तरी फाइल वेगळी होते.

आणखी एक, सर्टिफिकेट तपासणाऱ्यांसाठी. कोणाच्या कागदावर `e3b0c442` ने सुरू होऊन `7852b855` ने संपणारा SHA-256 दिसला तर थांबा. तो रिकाम्या फाइलचा हॅश आहे. कॉपी अर्धवट झाली, शून्य बाइटांची फाइल तयार झाली आणि कोणी न बघता तिचाच आकडा उतरवला, असा त्याचा अर्थ.

मग काकूंच्या बाजूने वजन कशाचे? सर्वांत आधी त्यांच्या फोनचे. चॅट डिलिव्हर झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ती आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही, त्यामुळे कंपनीकडून मजकूर मागवू ही कल्पना सोडून द्यावी. मजकूर दोन फोनांत आणि त्यांच्या बॅकअपमध्ये असतो. काकूंच्या फोनवर त्या चॅटची माहिती उघडली की केटररचा नंबर दिसतो. तो नंबर त्याच्या दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर असेल तर नावाचा प्रश्न मिटला. संपर्क तात्पुरता काढून आणखी एकदा एक्स्पोर्ट केला, तर ओळींमध्ये नावाऐवजी नंबर येतो. हा दुसरा एक्स्पोर्ट पहिल्याच्या जोडीला द्यावा, त्याच्या बदली नव्हे. दुसरे वजन बँकेचे. ७:५१ ला "पाठवते" म्हटले आणि बँकेच्या नोंदीत ७:५३ ला ४० हजार गेले, तर दोन्ही फोनांच्या बाहेरचे एक घड्याळ चॅटच्या वेळेला दुजोरा देते. तिसरे, गरज पडलीच तर, केटररचा फोन. फोनमधल्या डेटाबेसमध्ये मेसेजांना क्रमांक असतात आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असते. मधला क्रमांक गायब असेल तर काहीतरी पुसले गेले एवढे प्रयोगशाळा सांगू शकते. काय पुसले ते मात्र काकूंच्याच फोनवरून कळणार.

म्हणून वाद मिटेपर्यंत फोन विकू नये. दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना फोन देऊन बसलेले पक्षकार पाहिले की डोक्याला हात लावावासा वाटतो. चॅट नव्या फोनवर आली हे खरे, पण मूळ यंत्र गेले. आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर आधी ते बंद करावेत. आणि एक्स्पोर्ट लवकर करावा, कारण २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अशीही सोय आली आहे की समोरच्याने चॅटची जादा गोपनीयता चालू केली तर आपल्याला ती चॅट एक्स्पोर्टच करता येत नाही. मग फोनच दाखवावा लागतो.

आता कायद्याकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ म्हणते की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र हवे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा हा वारस. जुन्या कलमाखाली अशा प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्की केली, तीही आपल्या जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि त्यांचा अर्ज वेळेत दाखल झाला होता का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर येऊन ठेपले. त्या निकालात दोन गोष्टी सामान्य माणसाच्या कामाच्या आहेत. मूळ यंत्राचा मालकच ते घेऊन साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि प्रमाणपत्र ज्याच्या हातात आहे तो देतच नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते.

नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ पक्षकाराने भरायचा: फोनचा मेक, मॉडेल, रंग, आयएमईआय, हॅशचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला. इथपर्यंत कायदा शहाणा आहे. (पर्यायांत SHA-1 आणि MD5 अजून ठेवले आहेत हे मला खटकते. दोन्हींत वेगवेगळ्या फाइलींचा एकच हॅश काढून दाखवला गेला आहे, MD5 चा २००४ मध्ये आणि SHA-1 चा २०१७ मध्ये. SHA-256 समोर असताना त्यांना हात लावू नये.) भाग ब मात्र तज्ज्ञाने भरायचा. तज्ज्ञ म्हणजे कोण, हे त्या कलमात सांगितलेले नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अधिसूचित परीक्षक आहेत, पण ती सरकारी प्रयोगशाळांची छोटी यादी आहे. लोकमान्यनगरातल्या काकूंनी ४० हजारांसाठी तिथे कसे जावे?

काकू ग्राहक आयोगात जातील. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही आणि पुरावा कायद्याचा काच सैल असतो. शपथपत्राबरोबर चॅट चालून जाते. पण केटररने "ही चॅट बनावट आहे" असे जोर लावून म्हटले, की प्रकरण गुंतागुंतीचे ठरून दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला जाण्याची भीती असते, आणि तिथे भाग ब दारात उभा. म्हणजे फुकटच्या तक्रारीला खाजगी लॅबची फी चिकटते.

चूक अशी झाली आहे की दोन निराळी कामे एका सहीत बांधली गेली. फोन समोर ठेवून फाइल काढणे आणि तिचा हॅश नोंदवणे याला तज्ज्ञता लागत नाही, तटस्थपणा लागतो. चॅट खरी की बनावट हे सांगायला तज्ज्ञता लागते. पहिले काम प्रत्येक वादात लागते, दुसरे क्वचित. अधिनियमाचे कलम ५७ सुद्धा याच दिशेने बोट दाखवते. योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद कोणी आक्षेप घेत नाही तोवर प्राथमिक पुरावा मानावी, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. आक्षेप आल्यावर तज्ज्ञ बोलवा. आधीच सगळ्यांना त्याच्या दारात उभे करू नका.

माझी सूचना आहे की प्रत्येक जिल्हा न्यायालयात एक टेबल असावे. पक्षकाराने फोन आणि ओळखपत्र घेऊन यावे. प्रशिक्षित कर्मचाऱ्याने त्याच्यासमोर चॅट फोटोंसकट एक्स्पोर्ट करावी, समोरच्याचा नंबर आणि फोनचा आयएमईआय पाहून लिहावा, SHA-256 काढून एक प्रत न्यायालयात ठेवावी आणि ठरलेल्या माफक शुल्कात त्याच दिवशी भाग ब वर सही द्यावी. दावा दाखल करण्याआधीही ही सोय मिळावी, कारण खरी धडपड फाइल पहिल्या आठवड्यात गोठवण्याची असते.

यावर आक्षेप येतो की कारकून फसवला जाईल. घरातल्या दुसऱ्या फोनची ती युक्ती त्याला कळणार नाही. बरोबर आहे, पण ती हॅश काढणाऱ्या तज्ज्ञालाही कळणार नाही. ती उलटतपासणीत कळते, नंबर कोणाच्या नावावर आहे हे मोबाइल कंपनीकडून मागवल्यावर कळते. दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. तो खराच आहे. इंदूरसारख्या शहरात पहिल्या महिन्यात रांग लागेल आणि त्यात भाडेकरू, भागीदार, सुना, सासवा सगळे असतील. खाजगी चॅट सरकारी टेबलावर उघडण्याचा संकोचही असेल. त्यासाठी न्यायालयाकडची प्रत सीलबंद राहावी आणि न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय उघडू नये, एवढा नियम करता येईल. कायदा बदलण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही. भाग ब वर कोणी सही करायची हे मोकळे सोडलेले असल्यामुळे उच्च न्यायालयाला आपल्या नियमांत ती जागा भरता यावी. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे एक खंडपीठ इथेच इंदुरात बसते, आणि वकील संघाने त्यासाठी एक निवेदन तयार करायला कोणाची हरकत नसावी.